फोटोतले सात आकडे

फळ्यावरचा अ‍ॅरे हल्ली वहीत उतरवण्याऐवजी मुलं मोबाइलवर त्याचा फोटो काढतात. समजा, फोटोत सात घरं आहेत आणि त्यांना ० ते ६ असे क्रमांक, म्हणजे इंडेक्स, दिलेले आहेत:

३८, १२, ५२, ७, ४५, २९, १६

हे आकडे चढत्या क्रमाने लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे बबल सॉर्ट. डावीकडून निघायचं, शेजारच्या दोघांची तुलना करायची आणि डावा मोठा असेल तर अदलाबदल करायची. पहिल्या फेरीत ३८ आणि १२ जागा बदलतात. मग ५२ पुढच्या चौघांना मागे टाकत थेट टोकाला पोचतो. प्रत्येक फेरीनंतरचा अ‍ॅरे असा दिसतो:

```
फेरी १: १२ ३८ ७ ४५ २९ १६ ५२
फेरी २: १२ ७ ३८ २९ १६ ४५ ५२
फेरी ३: ७ १२ २९ १६ ३८ ४५ ५२
फेरी ४: ७ १२ १६ २९ ३८ ४५ ५२
फेरी ५: एकही अदलाबदल नाही, थांबा
```

यात १६ वर नजर ठेवा. मोठा आकडा एका फेरीत कितीही घरं उजवीकडे जातो, पण टोकाला अडकलेला लहान आकडा दर फेरीत एकच घर डावीकडे सरकतो. १६ ला चार घरं मागे यायचं होतं, म्हणून चार फेऱ्या लागल्या. पाचवी फेरी फक्त खात्रीची.

उतरवताना आकडा चुकला की नाही, हे बेरजेवरून कळतं. इथे प्रत्येक ओळीची बेरीज १९९ यायलाच हवी. फोटो वाचतानाच झालेली चूक मात्र बेरजेला सापडत नाही. इंग्रजी आकड्यांतला ७ हा १ असा वाचला, तरी तोच सर्वांत लहान राहतो, सगळ्या अदलाबदली तशाच होतात आणि उत्तर बिनचूक वाटतं. त्यामुळे पहिली ओळ फोटोशी ताडून पाहावीच लागते.

आता बायनरी सर्चने ३८ शोधू. ० आणि ६ यांचं मधलं घर ३, तिथे २९ आहे. ३८ त्याहून मोठा, म्हणून डावा भाग सोडला. ४ ते ६ मधलं घर ५, तिथे ४५. आता उजवा भाग सुटला. उरलं घर ४, आणि तिथे ३८ मिळाला. तीन वेळा पाहून काम झालं.

क्रम न लावता फोटोतल्या मूळ अ‍ॅरेवर हीच रीत वापरून पाहा. १६ शोधताना मधे ७ लागतो, म्हणून आपण उजवीकडे जातो. घर ५ मध्ये २९ दिसतो, म्हणून डावीकडे वळतो. घर ४ मध्ये ४५ निघतो आणि शोध संपतो: १६ नाही! तो तर घर ६ मध्ये बसलेला आहे. गंमत म्हणजे त्याच विस्कळीत अ‍ॅरेत २९ शोधला, तर दुसऱ्याच खेपेला सापडतो. म्हणून प्रोग्राम तपासताना एकच आकडा शोधून थांबू नये. सातही आकडे एकेक करून शोधावेत आणि अ‍ॅरेत नसलेला ३० सुद्धा.