नऊ माणसांच्या हॉटेलची नियमपुस्तिका

एक आचारी, त्याच्या हाताखाली दोन मदतनीस, पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी, तीन वेटर, भांडी घासणारा एक पोरगा आणि गल्ल्यावर एक जण. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात स्टँडसमोरचं थाळी हॉटेल एवढ्याच माणसांवर चालतं. तिथे कामाचे नियम नसतात असं नाही. ते मालकाच्या डोक्यात असतात आणि मालकाच्या मूडप्रमाणे बदलतात.

अशा हॉटेलला लेखी नियमपुस्तिकेची गरज मोठ्या हॉटेलपेक्षा जास्त आहे, आणि त्याचं कारण कायद्यातच सापडतं. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा हे सगळं ठरवणारा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 सालचा. तो आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागा त्यातून जवळपास वगळल्या गेल्या. त्यांनी व्यवसाय सुरू झाल्याची माहिती कळवायची, एवढंच. 2025 मध्ये ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्याला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. म्हणजे आपलं नऊ माणसांचं हॉटेल दोन्ही हिशोबांनी बाहेरच. किमान वेतन आणि पगार वेळेवर देण्याचे नियम त्यालाही लागू आहेत, पण रजा किती आणि सुट्टी कधी, हे कागदावर आणायचं काम मालकाचंच.

आकडे मात्र नव्याने शोधायची गरज नाही. 2017 च्या कायद्यातले आकडे उचलावेत. उद्या हॉटेल वाढलं तरी फारसं बदलावं लागत नाही. पुस्तिकेतल्या प्रत्येक कलमाला एकच कसोटी लावावी: हा नियम पाळल्यावर कामगाराच्या खिशाला चाट बसते का? बसत असेल, तर तो नियम भिंतीवर राहील आणि भटारखान्यात वेगळंच चालेल.

तास: ब्रेक ड्युटीचा गुंता

हॉटेलात खरी अडचण कामाच्या तासांपेक्षा अडकून राहण्याच्या तासांची असते. वेटर सकाळी साडेदहाला येतो, चारला मोकळा होतो, साडेसहाला पुन्हा उभा राहतो आणि रात्री साडेअकराला सुटतो. मालक म्हणतो, मधे अडीच तास सुट्टी दिली. वेटर म्हणतो, तेरा तास घराबाहेर होतो. दोघंही खरं बोलतात. म्हणून 2017 च्या कायद्यात तीन वेगळी मापं होती: दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास काम, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसारा साडेदहा तास, काम तुटक असेल तर 12. पुढे 2025 मध्ये रोजचे तास 9 चे 10 करण्याचाही निर्णय झाला. पण छोट्या हॉटेलने 48 तासांचा आठवडा धरून चालणं सोयीचं, कारण सहा दिवसांना आठ-आठ तासांचा सरळ भागाकार होतो.

सोमवारी बंद असलेल्या हॉटेलात तीन वेटरांची पाळी अशी बसते. पहिला साडेदहा ते सात. दुसरा दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. तिसरा ब्रेक ड्युटीवर, बारा ते चार आणि साडेसात ते साडेअकरा. पहिला सव्वातीनला अर्धा तास जेवतो. तोवर दुसरा आलेला असतो आणि तिसरा अजून असतो. दुसरा साडेसहाला जेवतो, तेव्हा पहिला गेलेला नसतो. दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीला दोन-दोन जण मिळतात, प्रत्येकाचं काम आठ तास होतं. तिसऱ्याचा पसारा साडेअकरा तासांचा होतो. म्हणून ब्रेक ड्युटी दर आठवड्याला फिरती ठेवायची, आणि तेही पुस्तिकेत लिहायचं. नाहीतर ती कायम नव्या पोराच्याच वाट्याला येते.

रात्री एखादी पार्टी रेंगाळली की ओव्हरटाइम सुरू होतो. त्याचा दर दुप्पट, आणि हे वेतन संहितेतही आहे. हिशोब पुस्तिकेत उदाहरणासकट छापावा. समजा पगार 15,600 रुपये. 26 दिवसांनी भागले की रोज 600, आठ तासांनी भागले की तासाला 75. दोन तास जास्त थांबलं तर दीडशे दराने 300 रुपये. हे उदाहरण छापलेलं असलं की महिनाअखेर गल्ल्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

रजा: गावची गाडी आणि पोटाची तक्रार

रजेचे आकडे सरळ आहेत. वर्षाला 8 किरकोळ रजा, पगारी. वर्षात 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा; 300 दिवस भरले तर 15. ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय 8 पगारी सणसुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या, बाकी चार मालक आणि कामगारांनी वर्षाच्या सुरुवातीला ठरवायच्या. हॉटेलला सणाच्या दिवशीच धंदा असतो, त्यामुळे त्या दिवशी काम केल्यास काय मिळेल हे त्याच पानावर यावं. कायद्याचं माप दुप्पट पगार आणि वर एक बदली सुट्टी.

भांडण होतं ते गावी जाण्यावरून. कोकणातल्याला गणपतीला जायचं असतं, उत्तरेकडच्या आचाऱ्याला छठला. मालक ‘बघू’ म्हणतो, आचारी वाट बघतो, आणि रेल्वेचं आरक्षण भरून जातं. मग एक दिवस तो न सांगताच निघतो. आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं. म्हणून लांबच्या रजेचा अर्ज 70 दिवस आधी आणि मालकाचं हो-नाही आठ दिवसांत, असं कलम हवं. एका वेळी नऊपैकी दोघंच रजेवर, त्यात भटारखान्यातला एकच, आणि गेल्या सणाला जो थांबला त्याचा यंदा पहिला हक्क, हेही लिहून टाकावं. मालकाचा आठ दिवसांचा शब्द यात सगळ्यात महत्त्वाचा. तो पाळला गेला तर न सांगता दांडी मारणाऱ्याला सबब उरत नाही.

आजारपणाचं कलम हॉटेलात वेगळं असतं. जुलाब, कावीळ, हातावर चिघळलेली जखम असलेल्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. बहुतेक हॉटेलांत तो लिहिलेला असतो. पण त्याच हॉटेलात आजारपणाचा खाडा पगारातून कापत असतील, तर पोळीवाल्या मावशी पोट बिघडल्याचं सांगतील कशाला? गोळी घेऊन त्या कणीक मळायला बसतील, आणि दोन दिवसांनी गिऱ्हाईकांचे फोन येतील. म्हणून असे दिवस पगारी धरायचे, किरकोळ रजेतूनही वजा करायचे नाहीत, आणि ज्याने स्वतःहून सांगितलं त्याला बोलणी बसणार नाहीत, हे स्पष्ट लिहायचं. दोन दिवसांची मजुरी हा इथे स्वस्त सौदा आहे.

शिस्त: फुटलेला कप कुणाचा

वर्तनाचे नियम दहाच्या वर नकोत, आणि ते डोळ्यांना दिसतील असे हवेत. ‘स्वच्छता राखावी’ हा नियम मोडला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. ‘कच्चं चिकन हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोशिंबिरीला हात लावायचा नाही’ हे सांगता येतं. टिपचंही तसंच: डब्यात जमा करायची, रात्री कुणी मोजायची, भांडीवाल्या पोराला किती वाटा, हे आधी ठरवून लिहावं.

शिक्षेच्या पानावर बहुतेक मालक चुकतात. ‘कप फुटल्यास 50 रुपये, उशीर झाल्यास अर्धा दिवस’ असे तक्ते भिंतीवर दिसतात. कायद्यात दंडाला आधी मंजूर केलेली यादी लागते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, आणि रक्कम त्या मुदतीच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. 15,600 च्या पगाराला ही मर्यादा 468 रुपये होते. नुकसानभरपाई वेगळी, ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात सोपवलेली असेल आणि त्याच्या हयगयीने गेली असेल तरच. गर्दीत निसटलेला कप त्यात बसत नाही. शिवाय कपाचे पैसे कापले की फुटलेले कप कचऱ्यात लपतात, आणि एखादी काच डाळीत जाते. फूट-तुटीसाठी महिन्याला ठरावीक रक्कम हॉटेलच्या खर्चात धरावी आणि शिस्तीसाठी पायऱ्या ठेवाव्यात: तोंडी समज, लेखी समज, मग दोन्ही बाजू ऐकून निर्णय. चोरी, मारहाण, दारू पिऊन कामावर येणं आणि छेडछाड, या चार गोष्टींना थेट शेवटची पायरी. पण ऐकून घेणं तिथेही सुटत नाही.

तक्रार: मालकाच्या भावाविरुद्ध कुणाकडे जायचं?

वीस किंवा जास्त कामगार असले तर औद्योगिक संबंध संहितेत तक्रार निवारण समिती सांगितली आहे. नऊ जणांत समिती हसं होईल. इथे एक वही पुरते, पण तिच्यात तारखा लागतात.

एक प्रसंग धरून चालू. शनिवारी वाढदिवसाची पार्टी दीड वाजेपर्यंत चालली. दुसऱ्या पाळीचा वेटर शेवटपर्यंत थांबला. मस्टरवर मात्र साडेअकराचीच वेळ पडली, आणि मस्टर लिहितो गल्ल्यावरचा मालकाचा भाऊ. वेटरने पहिल्यांदा त्यालाच विचारायचं, त्याच आठवड्यात. तीन दिवसांत उत्तर मिळालं नाही तर वहीत नोंद: ‘शनिवारचे 2 तास मस्टरवर नाहीत. त्या रात्रीचं शेवटचं बिल पाहावं.’ लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून वाचून दाखवायचं. मालकाने सात दिवसांत दोघांना समोर बसवून बिलावरची वेळ बघायची, निर्णय वहीत लिहायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या. बिल एक वाजून वीस मिनिटांचं निघालं, तर 300 रुपये पुढच्या पगारात.

तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर तिसरा माणूस आधीच ठरलेला हवा. हॉटेलचा हिशोब बघणारा सीए किंवा दोघांनाही मान्य असलेला बाजारपेठेतला एखादा जुना दुकानदार चालतो. तेही जमलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयाचा पत्ता पुस्तिकेत छापलेला असावा. लैंगिक छळाची तक्रार या वहीत लिहायची नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीचा पत्ता पोळीवाल्या मावशींना माहीत असायला हवा.

पुढचं कलम बदला न घेण्याचं. ते नुसतं लिहून भागत नाही. तक्रारीनंतर तीन महिन्यांत त्या माणसाची पाळी, काम किंवा पगार बदलायचा झाला, तर मालकाने कारण वहीत लिहायचं. वहीत नोंद झाल्यापासून ब्रेक ड्युटी सलग त्याच वेटरकडे येऊ लागली, तर पानं उलटताच ते दिसतं.

पुस्तिका आठ-दहा पानांची पुरे. ती मराठीत आणि कामगारांना समजेल त्या हिंदीत असावी, सोमवारी सगळ्यांना वाचून दाखवावी आणि एक-एक प्रत हातात द्यावी. कलम बदलायचं तर महिनाभर आधी सांगून, आणि मागच्या तारखेपासून कधीच नाही. सही कामगारांची घेतात. ती आधी मालकाने करावी, कारण रजेचे आठ दिवस, तक्रारीचे सात दिवस आणि दुप्पट दर हे सगळे शब्द त्याने दिलेले आहेत. वाद पुढे गेलाच, तर कामगाराच्या हातातली तीच प्रत मालकाला दाखवली जाईल. म्हणून जे पाळता येणार नाही ते कलम लिहूच नये.