ठेवीआधी विम्याचं गणित

सहकारी बँका ज्येष्ठांना मुदत ठेवीवर बहुधा थोडं जादा व्याज देतात. निवृत्त ठेवीदार तेवढंच विचारतात; आमच्या मते आधी विम्याचं विचारावं. एका बँकेतल्या सर्व शाखांमधल्या तुमच्या ठेवी मिळून, व्याजासकट, ५ लाखांपर्यंतच विमा असतो. समजा, ५ लाख ८ टक्क्यांनी वर्षभर ठेवले आणि व्याज मुदतीअखेर घ्यायचं ठरवलं. तिमाही चक्रवाढीने ५,४१,२१६ रुपये होतील, पण वरचे ४१ हजार विम्याबाहेर. दरमहा व्याज काढून घेतलं, तर ही अडचण जवळजवळ उरत नाही. पती-पत्नींनी संयुक्त ठेवी नावांचा क्रम बदलून ठेवल्या, तर प्रत्येक क्रमाला स्वतंत्र मर्यादा मिळते. अर्ज भरताना हा क्रम जरूर तपासा.