भरतीची तारीख लागली म्हणून एकदम किलोमीटर वाढवू नका

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तारीख लागली की गावातली पोरं एकदम जास्त पळायला लागतात आणि नडगी दुखायला लागते. यावर सोपा हिशोब आहे. या आठवड्याच्या किलोमीटरला मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागायचं.

समजा, मागे १८, २०, २२, २० किमी पळालात. सरासरी आली २०. या आठवड्यात ३६ पळालात तर उत्तर १.८ येतं. १.५ च्या वर दुखापतीचा धोका वाढतो असं मानतात. म्हणून १.३ च्या आत, म्हणजे २६ किमीपर्यंतच थांबा.

हा अंदाज आहे, हमी नाही. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.