कमानीच्या दारातली पंचवीस सेकंदं

दिल्लीत मराठी नाटक लागलं की मंडी हाउस मेट्रो स्थानकातून माणसं थव्यानं बाहेर पडतात. एक गाडी येते आणि नोएडाचे, द्वारकेचे, फरिदाबादचे पन्नास-साठ जण एकदम कमानी सभागृहाच्या फाटकाशी उभे राहतात, मग पाच मिनिटं कुणीच नसतं. प्रयोगाच्या दारातल्या टेबलावर गेली कित्येक वर्षं बसणाऱ्या मला या थव्यांचं गणित फार उशिरा कळलं. तोवर आम्ही यादीवरच वाद घालत होतो.

यादी म्हणजे छापील कागद. आडनावांची रोमन अक्षरांत मांडलेली, चार टेबलांवर चार भाग केलेली. अक्षरं सारखी वाटली की काम सारखं वाटलं जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण मराठी आडनावांत ‘के’वर केवढी गर्दी! कुलकर्णी, काळे, कदम, कांबळे, केळकर सगळे एकाच टेबलासमोर, आणि शेवटच्या अक्षरांचं टेबल रिकामं. पुढे आम्ही अक्षरं सोडून नावांची संख्या मोजून भाग पाडले. तरी एस. कुलकर्णी पाच निघत, कुणी ‘देशपांडे’ शेवटी वाय लावून लिहिलेलं असे, कुणाचं नाव नवऱ्याच्या आडनावाखाली असे आणि ती माहेरचं सांगे. शेवटी आडनावाऐवजी मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारायला लागलो आणि यादीही त्याच क्रमानं छापली. छापील यादीच्या काळातली ही सगळ्यात मोठी सुधारणा. आकड्यांना माहेर-सासर नसतं आणि त्यांचं स्पेलिंगही चुकत नाही.

रांग का वाढते, हे एकदा आकड्यांतच पाहायला हवं. समजा सहाशे पाहुणे आहेत आणि साडेसहाचा प्रयोग आहे. त्यातले चारशे शेवटच्या अर्ध्या तासात येतात. जोडप्यानं किंवा मायलेकींनी येणारे धरले तर साधारण दोनशे गट, म्हणजे मिनिटाला सहा ते सात. नाव विचारायचं, शोधायचं, खूण करायची, आसनाची चिठ्ठी द्यायची, यात एका गटाला पंचवीस सेकंदं जातात. दोन टेबलं मिनिटाला पाच गटसुद्धा पुरते सोडू शकत नाहीत. दर मिनिटाला दोन गट मागे राहतात आणि साडेसहा वाजता पडदा उघडताना बाहेर शंभरावर माणसं उभी असतात. तिसरं टेबल लावलं की ती जवळपास नाहीशी होतात. पण थव्यांमुळे काम सरासरीवर भागत नाही, चौथं लागतंच.

२०२० आणि २०२१ ही वर्षं घरात गेली. पुन्हा कार्यक्रम सुरू झाले तेव्हा लोकांच्या हाताला फोनवरचा चौकोन सरावाचा झाला होता. भाजीवाल्याला पैसे द्यायला तोच, लसीच्या प्रमाणपत्रावर तोच. मग जानेवारी २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी ‘आमंत्रण’ हे संकेतस्थळ उघडलं. कर्तव्यपथावर बसायला निमंत्रण आणि तिकीट आता फोनवर येऊ लागलं, त्यावर क्यूआर कोड, आणि दारात मूळ ओळखपत्र दाखवायचं. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली मेट्रोनं टोकनची जागा घेणारं क्यूआर छापलेलं कागदी तिकीट आणलं. आमच्या मंडळात म्हातारी माणसं हे जमवतील का, ही शंका तिथंच मिटली आणि आम्हीही निमंत्रणाबरोबर कोड पाठवू लागलो.

कोडनं खरं वाचवलं ते शोधणं. फोन तयार असेल तर एक गट सहा सेकंदांत आत जातो, म्हणजे मिनिटाला दहा. कागदावर एकच माणूस पुरे पडावा. कोडच्या पहिल्या प्रयोगाला मात्र रांग पूर्वीइतकीच लांब झाली, आणि तिचं कारण शोधताना मी खरं काम शिकलो. दहातल्या एका गटाची काहीतरी अडचण असतेच. संदेश सापडत नाही, बॅटरी संपलेली असते, मुलानं नोंदणी केली आणि तो बेंगळुरूला आहे, पडदा तडकलेला आहे. अशा गटाला दीड मिनिट जातं. नऊ गट सहा सेकंदांचे आणि एक नव्वद सेकंदांचा, तर सरासरी चौदा सेकंदांवर जाते आणि मिनिटाला दहाऐवजी चारच सुटतात. तो एक गट बाकीच्या नऊ गटांची रांग बनवतो.

म्हणून आता अडचणीचं टेबल वेगळं, फाटकापासून दहा पावलं बाजूला. स्कॅन करणाऱ्यानं दोनदा प्रयत्न करायचा, नाही झालं तर “काका, जरा त्या टेबलाशी या, तिथं लगेच होईल” म्हणायचं आणि पुढच्याचा फोन घ्यायचा. त्या टेबलावर दोन माणसं लागतात, कारण मिनिटाला सहा-सात गट येत असतील तर तिथल्या एका माणसाचं पूर्ण मिनिट भरतं आणि त्याला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. तिथं बसवायचे ते मंडळातले सगळ्यांना ओळखणारे, जुने. स्कॅनर हातात द्यायचा तो तरुणांच्या.

एनसीआरमधल्या कुटुंबांनी दुसरा धडा दिला. चौघांना मिळून एकच कोड पाठवला होता. आई आणि मुलं द्वारकेहून मेट्रोनं आली, आत गेली. वडील गुरुग्रामच्या कार्यालयातून थेट आले आणि त्यांच्या फोनवरचा तोच कोड ‘आधीच वापरलेला’ असं दाखवू लागला. गृहस्थ चोरी केल्यासारखे उभे राहिले, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून एकतर माणशी एक कोड, नाहीतर चारपैकी किती आत गेले हे मोजणारा कोड.

कोडमध्ये काय भरायचं, हेही महत्त्वाचं. नाव, फोन, पत्ता सगळं कोंबलं की चौकोनातली घरं वाढतात, बारीक होतात आणि संध्याकाळच्या मंद उजेडात ओळखायला वेळ लागतो. लहानसा क्रमांक भरला तर सगळ्यात छोटा, एकवीस गुणिले एकवीस घरांचा कोड पुरतो. बाकी माहिती स्कॅनरच्या फोनमध्ये, तीही नेटवर्कशिवाय चालेल अशी उतरवलेली, कारण गर्दीत नेटवर्क अडखळतं. मात्र दोन फाटकांवरचे असे दोन फोन एकमेकांना विचारू शकत नाहीत आणि एकच कोड दोन्हीकडे चालून जातो. यावर आम्ही केलं ते सोपं: कोणत्या कोडनं कोणत्या फाटकातून यायचं, हे निमंत्रणावरच ठळक लिहिलं.

एक रांग मात्र कोडनं हलली नाही. मोठ्या पाहुण्यांच्या कार्यक्रमात टेबलानंतर झडती असते. टेबल वेगानं सुटलं की रांग तिकडे जाऊन उभी राहते, आणि बायकांच्या झडतीला एकच पोलीस भगिनी असेल तर ती रांग पुरुषांच्या दुप्पट होते. तिथं दुसरा स्कॅनर आणून उपयोग नाही, दुसरी भगिनी मागून घ्यावी लागते, आणि तीही आठवडाभर आधी, लेखी. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. उद्घाटन विज्ञान भवनात पंतप्रधानांच्या हस्ते आणि पुढचा सोहळा तालकटोरा स्टेडियमवर. पंतप्रधान येणार असले की दाराची यादी आयोजकांची राहत नाही, ती सुरक्षा यंत्रणेकडे आधीच बंद होते आणि ऐनवेळी आलेल्या नावाला टेबलावरचा माणूस काहीच करू शकत नाही. ज्यांना अशा कार्यक्रमाला माणसं न्यायची आहेत त्यांनी नावं ओळखपत्रावर असतील तशीच द्यावीत, लाडकं नाव किंवा अर्धं नाव नको.

स्कॅनरनं आणखी एक गोष्ट नकळत दिली, प्रत्येकाच्या येण्याची वेळ. कागदावरच्या खुणेला वेळ नसायची. त्या नोंदी पाहिल्यावर गाड्यांचे थवे स्पष्ट दिसले आणि सहानंतरचा उंचवटाही. पुढच्या निमंत्रणावर आम्ही ‘साडेपाचपासून चहा’ असं छापलं, आणि चहा खरोखरच साडेपाचला तयार ठेवला. शंभरेक माणसं अर्धा तास आधी आली. अडचणीच्या टेबलावर छापील यादी आजही असते, शेवटच्या चार आकड्यांच्या क्रमानं, आदल्या रात्री काढलेली.