सोळाव्या वाढदिवसाची चिठ्ठी

भाचीला सोळा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून चिठ्ठी लिहायला बसले. पहिला खर्डा हातातून आपोआप उतरला: ‘चिऊ, कालपरवापर्यंत माझ्या ओढणीत लपायचीस, आणि बघता बघता केवढी मोठी झालीस! खूप अभ्यास कर, आईबाबांचं नाव काढ.’ हे सगळं खोडलं.

ओढणीची आठवण माझी आहे. तिला ती आठवतही नसणार. मोठ्यांच्या तोंडून, तीही बहुधा पाहुण्यांसमोर, ऐकून ठाऊक असणार एवढंच. ‘केवढी मोठी झालीस’ यात आश्चर्य माझं, तिनं मात्र त्यावर ओशाळं हसायचं. आणि अभ्यासाचं वाक्य म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी आलेली हप्त्याची नोटीस.

मग लिहायचं काय? माहितीला तोटा नव्हता. ताईच्या फोनवर सगळं कळतं: अकरावीतल्या मैत्रिणीशी झालेला अबोला, चाचणीतले मार्क, रात्री किती वाजता दिवा मालवला. पण यातलं अर्धं वाक्य जरी चिठ्ठीत आलं, तरी आई आपल्याबद्दल काय काय बोलते ते पोरीला लगेच कळणार. मग कौतुकसुद्धा पाळत ठेवल्यासारखं वाटतं. म्हणून तिनं स्वतः मला सांगितलेलं किंवा चारचौघांत माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं, तेवढंच घ्यायचं ठरवलं.

दिवाळीत आमच्या आईचा मिक्सर चटणी वाटता वाटता ठिणग्या टाकून बंद पडला. आम्ही मोठी माणसं नवा घ्यायच्या गोष्टी करत होतो, तोवर हिनं प्लग काढून मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले आणि मोटरच्या दोन्ही बाजूंचे कार्बन बाहेर काढले. झिजून पार आखूड झाले होते. त्यातला एक नमुन्याला घेऊन ती दुकानात गेली, त्याच मापाची जोडी आणली आणि बसवली. भांडं लावायच्या आधी मोटर जराशी रिकामी फिरवून पाहिली. मग आजीला म्हणाली, ‘आता वाट.’

हे कागदावर आणताना पुन्हा घसरायला होतं. ‘किती हुशार आहेस’ लिहिलं की ते प्रगतिपुस्तक होतं. ‘नक्की इंजिनिअर होणार’ यात तिच्या एका दुपारवर आपण चार वर्षांचा कोर्स लादतो. ‘मुलगी असूनही’ तर मनातसुद्धा येऊ नये, पण घराघरांत येतं. मी प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावली: ऑफिसातल्या चाळीस वर्षांच्या सहकाऱ्याला हे असंच लिहिलं असतं का? ती दुपार तशीच सांगणारं वाक्य तेवढं टिकलं.

माझा टेबलफॅन बरेच दिवस नुसता गुणगुणतो, फिरत नाही. ‘येऊन बघशील का’ असं लिहायचा मोह झाला. तिला आवडलंही असतं कदाचित. पण वाढदिवसाच्या पाकिटातून काम पाठवू नये. ते नंतर एखाद्या दिवशी फोनवर विचारता येईल, आणि तिला तिथे ‘नाही’ म्हणणं सोपं जाईल.

स्क्रूड्रायव्हरचा संचही याच कारणानं बाद केला. तिनं आपणहून उचललेल्या गोष्टीला मावशीनं हत्यारं पुरवली, की पुढच्या भेटीत ‘मग काय दुरुस्त केलंस?’ हे ओघानंच आलं. पाकिटात ५०१ रुपये घातले. ‘कपडे घे’, ‘पुस्तक घे’ असं काही लिहिलं नाही.

नावाशी थोडी अडले. आजी अजून चिऊच म्हणते आणि ती ओ देते, पण कॉलेजात आणि वहीवर ती पूर्ण नाव लिहिते. पाकीट टेबलावर पडलं तर मैत्रिणींच्याही नजरेला पडणार, म्हणून वर आणि आत दोन्हीकडे तेच नाव लिहिलं. खाली मजकूर असा:

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा. दिवाळीत मिक्सरचा झिजलेला कार्बन नमुन्याला घेऊन दुकानात गेलीस आणि भांडं लावायच्या आधी मोटर रिकामी फिरवून पाहिलीस, ते माझ्या लक्षात राहिलं. त्या दुपारी तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभं राहायला मजा आली. हे वर्ष तुला हवं तसं जावो. – मावशी’

प्रश्न एकही ठेवला नाही. प्रश्न असला की उत्तर देणं आलं, आणि आभाराचा फोन करायला आई मागे लागते ती वेगळीच.

द्यायची कशी, हेही ठरवावं लागलं. घरच्या ग्रुपवर सकाळपासून झबल्यातले फोटो पडत होते. तिथे मी नुसत्या शुभेच्छा टाकल्या. औक्षणाच्या वेळी पाकीट हातात दिलं असतं, तर कोणीतरी ‘वाचून दाखव’ म्हणालंच असतं. म्हणून ते डिंकानं चिकटवलं आणि जेवणं चालू असताना तिच्या टेबलावर ठेवून आले. निघताना जिन्यात ताईनं विचारलं, ‘एवढं काय लिहिलंस गं?’

म्हटलं, ‘तिचं पत्र आहे. तिला दाखवायचं असेल तर दाखवेल.’