मुलं कमी, तरी माणसं जास्त कशी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. म्हणजे तेच दर कायम राहिले, तर शंभर बायकांना आयुष्यभरात १७० मुलं होतील. त्यात मुली साधारण ८३, म्हणजे शंभर आयांच्या जागी पुढच्या पिढीत ८३ आया. पिढी भरून निघायला जननदर सुमारे २.१ लागतो.

मग लोकसंख्या लगेच का घटत नाही? कारण पूर्वी घराघरांत जास्त मुलं जन्मली, बालमृत्यू घटल्याने ती जगली आणि आज तीच आईबाप झाली आहेत. प्रत्येकीला मुलं कमी, पण आयाच जास्त. त्यामुळे जन्म अजून मृत्यूंपेक्षा जास्त आहेत. ही मोठी पिढी साठी ओलांडेल तेव्हा वृद्धांचं प्रमाण झपाट्याने वाढेल.

कोकणात मात्र हिशेब वेगळा. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घटली. जननदराइतकाच तिथे मुंबईच्या नोकरीचा हात आहे. तरुण गेले, त्यांची मुलंही तिकडेच जन्मली, गावात आजी-आजोबा उरले. म्हणून एखाद्या जिल्ह्याचं वार्धक्य अभ्यासताना आधी स्थलांतराचे आकडे बघा.