मल्याळम सिनेमाची सुरुवात 'दृश्यम'पासून करा

मल्याळम थ्रिलर बघायचं ठरवणाऱ्याला बहुतेक जण एखादं नवं, गाजलेलं नाव सुचवतात. मी मात्र 'दृश्यम' सांगतो, जितू जोसेफ यांचा २०१३चा, मोहनलालचा. "पण तो हिंदीत पाहिलाय," असं उत्तर येतं. म्हणूनच तो आधी बघायचा.

नवख्याची खरी अडचण डोळ्यांची असते. सबटायटल वाचायला नजर खाली जाते आणि चेहरा निसटतो. गोष्ट ठाऊक असली की दोन-चार ओळी चुकल्या तरी बिघडत नाही, आणि कान भाषेला सरावतात. मात्र आवाज मूळ मल्याळमच ठेवा, हिंदी डबिंग नको.

निशिकांत कामत यांनी २०१५ साली हीच गोष्ट गोव्यात नेली. जॉर्जकुट्टीचा विजय साळगावकर झाला. हिंदीत हे कुटुंब पणजीला सत्संगाला जातं. मूळ सिनेमात इडुक्कीतलं हे ख्रिश्चन कुटुंब तोडुपुळ्याला 'ध्याना'ला, म्हणजे चर्चच्या प्रार्थना-शिबिराला जातं. शब्द ओळखीचा, अर्थ मात्र तिथला.

सुरुवातीचा तासभर फारसं काही घडत नाही. केबलचं ऑफिस, चहाची टपरी, घरातली काटकसर. बरेच जण इथेच सिनेमा बंद करतात. पण पुढे पोलीस चौकशीला येतात तेव्हा सगळा डाव उभा राहतो तो साध्या माणसांच्या साक्षीवर. तो तास सोडला तर रहस्याचा पायाच हातून जातो.

इंग्रजी सबटायटलमध्ये नाती हमखास गळतात. 'चेट्टा' म्हणजे दादा. पण बरेचदा बायकोही नवऱ्याला तशीच हाक मारते. वडिलांना हिंदू घरात 'अच्छन' म्हणतात, ख्रिश्चन घरात 'अप्पन' किंवा 'अप्पच्चन', मुसलमान घरात 'उप्पा' किंवा 'वाप्पा'. एका हाकेत घर कळतं. 'एडा' आणि 'एडी' हे साधारण आपले 'अरे' आणि 'अगं'. मित्रांत ती जवळीक असते, अनोळखी माणसाला म्हटलं तर अपमान. इंग्रजी ओळीत यातलं काहीच उरत नाही, मराठी कानाला मात्र ते लगेच पकडता येतं.

दुसरा सिनेमा 'किष्किंधा कांडम', २०२४चा. निवडणुकीमुळे परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आहेत आणि निवृत्त लष्करी अधिकारी अप्पू पिल्लांना आपलं पिस्तूल सापडत नाही. इथे घर हेच रहस्य आहे. कौटुंबिक नाट्य आणि थ्रिलर वेगळे काढताच येत नाहीत.

सिनेमा सुचवणाऱ्या मित्राला मात्र दोनच गोष्टी विचारा: सुरुवात संथ आहे का, आणि सबटायटल नीट आहेत का? "शेवट जबरदस्त आहे" एवढं ऐकलं तरी आपण घरातली माणसं बघायचं सोडून शेवटाची वाट बघत बसतो. म्हणून तुम्हीही पुढे कुणाला सुचवाल तेव्हा फक्त नाव सांगा.